सहाव्या आठवड्यातला खड्डा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. तीन सीएनसी मशीन, एक व्हीएमसी, भाड्याची शेड. लोखंडी सळया आणि ओतीव कास्टिंग आणायचे, त्यांचं मशीनिंग करून पंपाचे भाग बनवायचे आणि मोठ्या कंपन्यांना पुरवायचे. महिन्याची विक्री १८ लाखांची, जीएसटी धरून सव्वाएकवीस लाखांच्या आसपास. सगळा खर्च आणि बँकेचा हप्ता जाऊन महिन्याकाठी दीड-पावणेदोन लाख उरावेत असा हिशेब. कारखाना उदाहरणासाठी रचलेला आहे आणि आकडे समजायला सोपे केलेले आहेत. पण त्यातली एकेक अडचण कुठल्याही एमआयडीसीत चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल.

ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत मालकाने दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खात्याकडे नजर टाकली, तर काय दिसेल? ३१ ऑक्टोबरला हाताशी ६ लाख ४८ हजार. २८ नोव्हेंबरला ८ लाख ६ हजार. २६ डिसेंबरला ८ लाख ६९ हजार. चढती कमान. सीएसमोर ठेवावेत असे आकडे.

आणि याच तिमाहीत, १४ नोव्हेंबरच्या शनिवारी, या कारखान्याला ७ लाख २९ हजार कमी पडतात.

महिन्याच्या शेवटी पाहणाऱ्याला हा खड्डा दिसत नाही, कारण तो दोन महिनाअखेरींच्या मधोमध पडतो. पगार ७ तारखेला असतो, पीएफ-ईएसआय १५ तारखेला, जीएसटी २० तारखेला, बँकेचा हप्ता ५ तारखेला. मोठ्या कंपनीचं पेमेंट मात्र तिच्या सोयीने येतं. महिन्याची बेरीज या तारखा पुसून टाकते. म्हणून पुढच्या तीन महिन्यांच्या रोकडीचा अंदाज बांधायचा तर तो आठवड्यांत बांधावा लागतो. तेरा आठवडे, तेरा रकाने. प्रत्येक रकान्यात वर सोमवारची शिल्लक, मग त्या आठवड्यात खात्यात पडणारे पैसे, मग जाणारे पैसे आणि तळाशी शनिवारची शिल्लक. ती पुढच्या सोमवारी वर चढते. गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. अवघड असतं ते कोणती रक्कम कोणत्या रकान्यात टाकायची हे ठरवणं.

पहिला प्रश्न सुरुवातीच्याच आकड्याचा. या कारखान्याचं खातं कॅश क्रेडिटचं, म्हणजे बोलीभाषेतलं सीसी. अशा खात्यात शिल्लक बहुतेक वेळा उणेच असते, म्हणून पासबुकातला आकडा कामाचा नाही. कामाचा आकडा म्हणजे अजून किती उचलता येतील तो. बँकेने मंजूर केलेली मर्यादा २५ लाखांची आहे. पण बँक तेवढे सगळे उचलू देत नाही. दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती ड्रॉइंग पॉवर ठरवते. कारखान्यातला माल आणि वसूल व्हायची बिलं यांतून देणी आणि ठरलेला मार्जिन वजा जाता उरेल तितकंच. समजा ती २२ लाख आली आणि त्यातले साडेपंधरा लाख आधीच उचललेले आहेत. मग ५ ऑक्टोबरच्या सोमवारी मालकाच्या हाताशी साडेसहा लाख आहेत. यापुढे तक्त्यात शून्य दिसलं, तर त्याचा अर्थ लिमिट संपलं. शून्याखाली गेलं, तर चेक परत येणार.

आता येणी. इथेच बहुतेक अंदाज फसतात, कारण मालक बिलावर छापलेली मुदत धरून चालतो. या कारखान्याची तीन गिऱ्हाइकं. सगळ्यात मोठी पंप कंपनी महिन्याला जीएसटीसह ११ लाख ८० हजारांचा माल घेते. मुदत ४५ दिवस. आता तिच्या खतावणीतली गेली बिलं काढून प्रत्येक बिलाची तारीख आणि पैसे बँकेत पडल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहिली, तर अंतर निघतं ६१, ६४, ७०, ७७ दिवस. सरासरी ६८.

हे तेवीस दिवस कुठे गेले? कंपनीने फसवलं असं काही नाही. माल तिच्या गेटवर पोचला की लगेच तिच्या हिशेबात चढत नाही. आधी तपासणी, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. त्याला कधी आठवडा लागतो, कधी अडीच. तिच्या संगणकात ४५ दिवसांची मोजणी तिथून सुरू होते. ते पुरे झाले तरी पैसे त्या दिवशी सुटत नाहीत. ही कंपनी पेमेंट महिन्यातून दोनदाच करते, १० आणि २५ तारखेला. बिल ११ तारखेला देय झालं, तर ते २५ ची वाट पाहत बसतं. कारखान्यातली बाई दर आठवड्याला फोन करून विचारते, "साहेब, आमचं पेमेंट कधी सुटेल?" त्याऐवजी प्रश्न असा हवा: "आमच्या ४१२ नंबरच्या बिलाचा जीआरएन झाला का, आणि ते कोणत्या रनमध्ये धरलंय?" पहिल्या प्रश्नाला "होईल, होईल" एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्याला तारीख मिळते.

कायदा इथे लहान उद्योगाच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण महिन्याची निम्म्याहून अधिक विक्री ज्या कंपनीकडे आहे, तिच्यावर असा दावा ठोकायला लहान पुरवठादार सहसा धजावत नाही. तो हक्क कधी वापरायचा हा वेगळा प्रश्न. अंदाजात मात्र ६८ दिवसच धरायचे.

दुसरं गिऱ्हाईक मध्यम आकाराचं, महिन्याला ५ लाख ९० हजार दोन हप्त्यांत देणारं आणि शब्दाला जागणारं. तिसरं महिन्याला साडेतीन लाखांचा माल उचलतं आणि मागे लागल्यावर लाख-दीड लाख सोडतं. अशा पार्टीचं येणं तक्त्यात पूर्ण धरणं म्हणजे स्वतःला गंडवणं. तिने तारीख देऊन कबूल केलेली रक्कमच धरावी, बाकी रकाना कोरा ठेवावा.

अशा अंदाजात एक दिलासाही लपलेला असतो. पंप कंपनी ६८ दिवसांनी पैसे देते, म्हणजे १० डिसेंबरला तिच्याकडून येणारे पैसे ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांतल्या बिलांचे. ५ ऑक्टोबरला तक्ता मांडताना पुढच्या नऊ-दहा आठवड्यांतली तिच्याकडची येणी फाईलमध्ये तयारच आहेत. उद्या किती ऑर्डरी मिळतील याचा इथे फारसा संबंध नाही. तिमाहीचा अंदाज म्हटलं की लोक विक्रीचा अंदाज करायला बसतात. या कारखान्यासाठी तो मुख्यतः तारखांचा अंदाज आहे.

देण्यांची बाजू त्यामानाने सोपी, कारण त्या तारखा दुसरे ठरवतात आणि सहसा हलवत नाहीत. सळयांच्या व्यापाऱ्याला महिनाभराच्या उधारीवर दर महिन्याच्या मध्यावर ६ लाख. कास्टिंगवाल्याला महिनाअखेर ४ लाख ६० हजार. पगार २ लाख ८० हजार, वीज ९० हजार, भाडं ६० हजार, पीएफ-ईएसआय ४० हजार. टूल, डिझेल, टेम्पो, चहापाणी मिळून आठवड्याला ३० हजार.

जीएसटीकडे मात्र थांबून पाहायला हवं. तो बिलावर लागतो, वसुलीवर नाही. ऑक्टोबरमध्ये पंप कंपनीला १० लाखांचा माल पाठवला की त्यावर १ लाख ८० हजारांचा कर बिलात चढला. खरेदीवरच्या कराची वजावट घेऊन उरलेली रक्कम २० नोव्हेंबरपर्यंत भरायची. कंपनी ते बिल देणार १० डिसेंबर ते १० जानेवारीच्या दरम्यान. म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायचा कर कारखानदार तीन ते सात आठवडे आधी स्वतःच्या सीसीतून, व्याज सोसून भरतो. विक्री वाढली की हा ताणही वाढतो. मोठी ऑर्डर मिळाल्याचा पेढा वाटून झाल्यावर पुढच्या महिन्यात खातं कोरडं का पडलं, याचं एक उत्तर इथे आहे.

बँकेच्या हप्त्याचंही असंच. व्हीएमसीसाठी ५० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे १ लाख ७ हजार. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ४४ हजार व्याजाचे आणि बाकी ६३ हजार मुद्दलाचे. नफा-तोट्याच्या पत्रकात खर्च म्हणून फक्त व्याज दिसतं, मुद्दलाची फेड दिसत नाही. खात्यातून मात्र दोन्ही जातात. शिवाय ही एकच रक्कम अशी आहे की तिच्याबाबत "चार दिवस थांबा" म्हणायची सोय नाही. हप्ता थकला की बँकेच्या संगणकात खातं ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि ९० दिवसांच्या पुढे एनपीए. पुढच्या वर्षी लिमिट वाढवून मागताना ही नोंद समोर येते. म्हणून तक्त्यात हप्ता सगळ्यात आधी, पक्क्या शाईने लिहायचा आणि त्याच्या भोवती बाकीची देणी बसवायची.

आता हे सगळं रकान्यांत टाकलं की चित्र असं दिसतं. आकडे हजार रुपयांत. सुरुवात ६५० ने.

| आठवडा | येणार | जाणार | शनिवारी हाताशी |
|---|---|---|---|
| ५–१० ऑक्टोबर | ५९० | ४१७ | ८२३ |
| १२–१७ ऑक्टोबर | २९५ | ७६० | ३५८ |
| १९–२४ ऑक्टोबर | १५० | १८० | ३२८ |
| २६–३१ ऑक्टोबर | ८८५ | ५६५ | ६४८ |
| २–७ नोव्हेंबर | १०० | ७१७ | ३१ |
| ९–१४ नोव्हेंबर | ० | ७६० | –७२९ |
| १६–२१ नोव्हेंबर | २९५ | २०५ | –६३९ |
| २३–२८ नोव्हेंबर | १४७५ | ३० | ८०६ |
| ३० नोव्हेंबर–५ डिसेंबर | १५० | ६७२ | २८४ |
| ७–१२ डिसेंबर | ५९० | ३१० | ५६४ |
| १४–१९ डिसेंबर | २९५ | ८४५ | १४ |
| २१–२६ डिसेंबर | ८८५ | ३० | ८६९ |
| २८ डिसेंबर–२ जानेवारी | १०० | ४५५ | ५१४ |

पाचवा आठवडा दिवाळीच्या तोंडावरचा. हप्ता आणि पगाराच्या जोडीला ३ लाखांचा बोनस गेला आणि हाताशी ३१ हजार राहिले. तरीही इथवर सगळं निभावलं. खरा घोटाळा पुढच्या आठवड्यात आहे. त्या आठवड्यात येण्यांच्या रकान्यात शून्य का?

कारण ऐन दिवाळी. पंप कंपनीची १० नोव्हेंबरची पेमेंट रन सुट्टीत अडकली. तिचं अकाउंट खातं बंद, सही करणारे साहेब गावी. दरवर्षी असं झालं की ते पेमेंट थेट २५ तारखेच्या रनमध्ये जातं, हे मागच्या वर्षीच्या बँक स्टेटमेंटवर स्वच्छ दिसतं. मध्यम गिऱ्हाइकाचे २ लाख ९५ हजारही आठवडाभर पुढे सरकले. सळयांच्या व्यापाऱ्याचे ६ लाख मात्र १४ तारखेलाच द्यायचे, आणि चेक त्याच्याकडे आधीच दिलेला. म्हणून उणे ७ लाख २९ हजार. त्याच्या पुढच्या आठवड्यात जीएसटीची २० तारीख आहेच. २५ नोव्हेंबरला दोन रनचे पैसे एकदम आले की सगळं सुरळीत. दोन आठवड्यांची अडचण, पण त्या दोन आठवड्यांत चेक बाउन्स होऊ शकतो, आणि बाउन्स झालेल्या चेकचा बोभाटा बाजारात जीआरएनपेक्षा लवकर होतो.

तक्ता न मांडणाऱ्या मालकाला हे १२ नोव्हेंबरला कळतं. तेव्हा उरतात ते दोनच मार्ग: सावकारी दराने उसनवार किंवा व्यापाऱ्याला फोन करून "शेठ, चेक जरा थांबवा". मांडणाऱ्याला ५ ऑक्टोबरला कळतं. हातात सहा आठवडे असताना जे करता येतं, ते तिथे दोन दिवसांत करता येत नाही. म्हणून उपाय पाहताना प्रत्येकाची शेवटची तारीख कोणती, हेही पाहायला हवं.

पहिला उपाय खरेदीचा. १४ नोव्हेंबरला द्यायचे ६ लाख हे ऑक्टोबरच्या मध्यावर घ्यायच्या सळयांचे. दिवाळीत कामगार गावी जातात, कारखाना आठ-दहा दिवस बंद राहतो. मग तेवढ्या सळया घ्यायच्याच कशाला? ६ ऐवजी ४ लाखांचा माल पुरतो. नोव्हेंबरातला खड्डा २ लाखांनी भरला, तोही व्याजाशिवाय. पण हा निर्णय ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच घेता येतो; एकदा माल शेडमध्ये उतरला की विषय संपला. आणि याला एक छोटी शेपूटही आहे. खरेदी २ लाखांनी कमी झाली की तिच्यावरच्या कराची वजावटही साडेतीस हजारांनी कमी मिळते, म्हणून २० नोव्हेंबरचा जीएसटी १ लाख ७५ हजारांऐवजी २ लाख ५ हजारांवर जातो. तक्त्यात एक आकडा हलवला की दुसरा कुठे हलतो ते पाहायचं राहून गेलं, तर उपायाचं समाधान पंधरवडाभरच टिकतं.

दुसरा उपाय ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे ऑनलाइन मंच. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यांतली नावं. पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार कंपनी ते तिथे मान्य करते, मग बँका त्यावर बोली लावतात. ज्या दराने बोली ठरेल तेवढं व्याज कापून एक-दोन दिवसांत पैसे पुरवठादाराच्या खात्यात. मुदत संपल्यावर कंपनीने पैसे बुडवले, तरी ती जबाबदारी पुरवठादारावर येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी आता सक्तीची आहे. १० नोव्हेंबरच्या रनमधली ५ लाख ९० हजारांची बिलं इथे विकली, दर साडेआठ टक्के धरला आणि मुदत ४५ दिवसांची, तर खर्च सुमारे ६ हजार २०० रुपये. एका बाउन्स झालेल्या चेकमागची धावपळ धरली, तर स्वस्तच. अडचण एकच: कंपनीने बिल मान्य करायला हवं आणि जीआरएनशिवाय ती करत नाही. पुन्हा गाडी तिथेच येते. शिवाय नोंदणी नवी असेल, तर कागदपत्रांत दोन-तीन आठवडे जातात, म्हणून तीही ऑक्टोबरातच.

हे दोन्ही उपाय केले, तर सहाव्या आठवड्यात उणे ७२९ चे अधिक ५५ होतात, हजारांत. खड्डा बुजला, पण ५५ हजारांवर कुणी निश्चिंत झोपू नये. टेम्पोचा गिअरबॉक्स गेला तर तेवढे त्यातच जातात. म्हणून व्यापाऱ्याकडचे उरलेले ४ लाख दोन भागांत मागायचे: निम्मे १४ नोव्हेंबरला, निम्मे २८ ला. बाजारात महिन्याला दीड टक्का चालत असेल, तर २ लाखांवर पंधरवड्याचे दीड हजार. महत्त्वाचं हे की हे बोलणं ऑक्टोबरात, माल ठरवतानाच करायचं. "शेठ, या वेळी दिवाळी मध्ये येतेय, अर्धं पेमेंट २८ ला ठेवू या का?" असं महिनाभर आधी विचारलं, तर तो नियोजन करणाऱ्या माणसाचा शब्द असतो. १३ तारखेला विचारलं, तर ती गयावया असते. आता सहाव्या आठवड्यात हाताशी २ लाख ५५ हजार.

बोनस पुढे ढकलण्याचा विचार या यादीत नाही, आणि तो मुद्दामच नाही. दिवाळीनंतर बोनस देणाऱ्या कारखान्यात चांगला ऑपरेटर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत नाही. तीन लाख वाचवून तो गमावणं हा महागडा सौदा आहे.

इथे तक्ता संपला असं वाटतं, आणि इथेच अनेक चांगले तक्ते चुकतात. वर धरलेली ड्रॉइंग पॉवर २२ लाखांची होती, पण ती स्थिर नाही. तिसऱ्या गिऱ्हाइकाचं २५ जुलैचं ३ लाखांचं एक बिल मालाच्या वादात अडकलंय. त्याचे पैसे तक्त्यात धरलेलेच नाहीत, म्हणून काही बिघडणार नाही असं मालकाला वाटतं. पण २३ ऑक्टोबरला त्या बिलाला ९० दिवस पुरे होतात आणि या बँकेच्या नियमाने ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरच्या मोजणीतून बाद होतात. मार्जिन २५ टक्के असेल, तर ऑक्टोबरअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटनंतर उचलण्याची मर्यादा सव्वादोन लाखांनी खाली येते. कुठला चेक गेला नाही, कुठला खर्च झाला नाही, आणि २ लाख ५५ हजारांचे ३० हजार झाले. बँकेच्या मंजुरीपत्रात ही अट कुठेतरी बारीक अक्षरांत असते; ती एकदा शोधून तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेली बरी. आता वादात ३५ हजार सोडून ते बिल २ लाख ६५ हजारांत ऑक्टोबरच्या आत मिटवणं फायद्याचं ठरतं. एरवी मालक त्या ३५ हजारांसाठी आणखी चार महिने भांडला असता.

तक्ता मांडून भिंतीवर लावला, तर तो तीन आठवड्यांत शिळा होतो. दर शनिवारी अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहायचा आणि फरक निघाला, तर एकच प्रश्न विचारायचा: पैसे उशिरा येणार आहेत की येणारच नाहीत? पंप कंपनीची रन चुकली, तर ती रक्कम पुढच्या रनच्या रकान्यात जाते. तिसऱ्या पार्टीचे दीड लाख आले नाहीत, तर ते आपोआप पुढच्या आठवड्यात ढकलायचे नाहीत. नवी तारीख मिळेपर्यंत पुसून टाकायचे. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या यादीत थकलेली सगळी येणी "आज देय" म्हणून दिसतात. ती तशीच पहिल्या रकान्यात ओतली, तर दर सोमवारी आपण श्रीमंत दिसतो आणि दर शनिवारी नसतो. असं तीन-चार आठवडे सलग घडत असेल, तर अंदाजात तारखा नव्हेत, इच्छा लिहिल्या जात आहेत.

पहिल्या चार आठवड्यांचा अंदाज हजारांपर्यंत जुळायला हवा. मधले चार लाखभर इकडेतिकडे चालतील. शेवटचे पाच दिशा दाखवण्यापुरते. म्हणूनच १४ ते १९ डिसेंबरच्या आठवड्यात मूळ तक्त्यात हाताशी १४ हजार दिसत असले, तरी ऑक्टोबरात त्यावर फार डोकं खपवायचं कारण नाही. १५ डिसेंबरचा आगाऊ प्राप्तिकर, सळया आणि रविवारी येणारी म्हणून आधीच भरायची जीएसटीची २० तारीख एकाच आठवड्यात आल्या, एवढं टिपून ठेवलं की पुरे. नोव्हेंबर संपताना तो आठवडा जवळ आला की आकडे पक्के होतील आणि आधीच्या उपायांतून वाचलेले दीड-दोन लाख त्या आठवड्याला कामी येतील.

दर सोमवारी एक आठवडा संपतो, तसा एक नवा आठवडा तक्त्याच्या टोकाला जोडायचा. २ नोव्हेंबरच्या सोमवारी, बोनसची पाकिटं भरायच्या गडबडीत, जोडला जाणारा आठवडा असतो २५ ते ३० जानेवारीचा. त्यात पंप कंपनीची २५ तारखेची रन आहे. ६८ दिवस मागे मोजले, तर त्या रनमध्ये नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपासची बिलं यायला हवीत, आणि त्या काळातले आठ-दहा दिवस कारखाना बंद असणार आहे. त्या रकान्यात ५ लाख ९० हजार लिहायचे नाहीत. तीन लाख लिहायचे, आणि जानेवारीच्या सळया किती मागवायच्या ते व्यापाऱ्याला डिसेंबरातच सांगायचं.